भाड्याला मर्यादा असते, तरी गर्दीच्या दिवशी तिकीट का चढतं?

मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत विषय निघाला होता की सरकारने विमानाच्या भाड्याला मर्यादा घातली असं बातम्यांत सांगतात, आणि तिकीट काढायला गेलं की रोज निराळा आकडा दिसतो. मग मर्यादा घातली ती कुणाला? प्रश्न रास्त आहे. आज त्यावरच बोलू.

आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतील, ताई, आम्हाला विमानाचं काय करायचंय? पण विमानतळ आता आपल्या पनवेल तालुक्यात आलाय. कोंबडभुजे, तरघर, वाघिवली, उलवे, गणेशपुरी, चिंचपाडा या गावांच्या जागेवर तो उभा राहिला. २५ डिसेंबर २०२५ ला तिथून प्रवासी विमानं सुटायला लागली. दिल्ली, बंगळूर, हैदराबाद, गोवा आणि आपलं नागपूरसुद्धा तिथून गाठता येतं. आपल्या गटांतल्या कुणाचा मुलगा हैदराबादला नोकरीला आहे, कुणाची लेक विदर्भात दिलीय. हौस म्हणून कुणी विमानाने जाईल, न जाईल. पण बाळंतपण, ऑपरेशन, नाहीतर कुणाचं जाणं, अशा वेळी रेल्वेचं तिकीट मिळत नाही आणि घरातले म्हणतात, विमानाचं बघा. पैसे नसले की अर्ज गटाकडेच येतो. त्यामुळे तो आकडा कसा ठरतो हे गटाला कळायला हवं.

सुरुवात आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून करू. गणपतीच्या आधी पनवेलला हायवेवर संध्याकाळी उभं राहिलं की खासगी ट्रॅव्हल्सच्या गाड्यांची रांग दिसते. एरवी जे भाडं सांगतात ते त्या आठवड्यात दुप्पट-तिप्पट होतं, हे आपण वर्षानुवर्षं बघतोय. त्यावर राज्य सरकारने २७ एप्रिल २०१८ ला निर्णय काढला. खासगी बसने त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. म्हणजे समजा, एखाद्या गावाला एसटीचं भाडं सहाशे रुपये असेल, तर तशाच गाडीचं ट्रॅव्हल्सवाल्याने नऊशेपर्यंत घ्यावं, त्याच्या वर नाही.

आता नीट लक्ष द्या. याच ट्रॅव्हल्सवाल्याने जूनमध्ये गाडी रिकामी जाते म्हणून पाचशे रुपये घेतले आणि गणपतीत नऊशे घेतले, तर त्याने नियम मोडला का? नाही मोडला. आपल्याला मात्र भाडं जवळजवळ दुप्पट झालेलं दिसलं. मर्यादा म्हणजे फक्त वरची रेघ. त्या रेघेखाली भाडं किती वर-खाली करायचं, ते चालवणाऱ्याच्या हातात असतं. एसटीचं भाडं मात्र ठरलेलं, टप्प्यानुसार. या दोन गोष्टींतला फरक एकदा मनात बसला की विमानाचं गणित सोपं आहे.

विमानाला एरवी अशी वरची रेघसुद्धा नसते. पूर्वी देशातली विमानसेवा सरकारी होती आणि भाडंही सरकार ठरवत असे. १९९४ मध्ये तो जुना कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना पूर्ण वाट मोकळी झाली. तेव्हापासून भाडं कंपनी ठरवते. विमान नियम १९३७ मधला १३५ वा नियम एवढंच सांगतो की भाडं वाजवी असावं. खर्च, सेवेचं स्वरूप, रास्त नफा आणि बाजारात चालू असलेलं भाडं हे बघून कंपनीने ते ठरवावं आणि जाहीर करावं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला आपण बातम्यांत डीजीसीए म्हणून ऐकतो, ते ठरावीक मार्गांवरच्या भाड्यांवर नजर ठेवतं. कंपनीने जाहीर केलेल्या पट्ट्यापेक्षा जास्त घेतलं का, हे ते बघतं. पण तो पट्टा कंपनीचाच असतो आणि तो भरपूर रुंद असतो.

सरकार स्वतः रेघ मारतं ते अडचणीच्या वेळी. कोरोनात २०२० च्या मे महिन्यात विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा मारली होती आणि ती ३१ ऑगस्ट २०२२ ला काढली. त्यानंतर मारली ती ६ डिसेंबर २०२५ ला. वैमानिकांच्या विश्रांतीचे आणि ड्युटीच्या तासांचे नवे नियम नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले. इंडिगो या देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीकडे त्या हिशोबाने वैमानिक कमी पडले. ५ डिसेंबरला एका दिवसात त्यांची हजाराच्या वर उड्डाणं रद्द झाली. अडकलेल्या माणसांनी दुसऱ्या कंपन्यांची तिकिटं बघितली, तर काही मार्गांवर एका बाजूचं तिकीट पन्नास हजारांच्या घरात गेल्याचं वर्तमानपत्रांत आलं. तेव्हा केंद्र सरकारने अंतराप्रमाणे रेघ मारली. पाचशे किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये. पाचशे ते हजारपर्यंत १२,०००. हजार ते दीड हजारपर्यंत १५,०००. आणि त्याच्या पुढे १८,०००.

आपल्याकडून गोवा पाचशेच्या आत येतं, नागपूर साधारण सातशे किलोमीटर आहे म्हणून बारा हजारांच्या गटात, आणि दिल्ली अकराशेच्या पुढे म्हणून पंधरा हजारांच्या गटात. आदेशात हेही होतं की तिकीट कंपनीकडून काढा नाहीतर एजंटच्या वेबसाइटवरून, रेघ तीच. आणि ही सोय भाडी स्थिरावेपर्यंतची होती, कायमची नव्हती.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. रेघ मारली, तरी गर्दीच्या दिवशी तिकीट का चढतं? एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या गटातल्या एका ताईची लेक नागपूरला आहे. दिवाळीच्या पुढेमागे तिचं बाळंतपण आहे. ताईने एका बुधवारी मोबाइलवर बघितलं, विमानाचं तिकीट साडेसात हजार. तिने गटाकडे आठ हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. शनिवारी बैठकीत मंजूर झालं. रविवारी तिकीट काढायला बसली तर आकडा अकरा हजारांच्या वर. ताईला वाटणार, कुणीतरी फसवलं. पण विमानात काय चालतं ते बघा.

समजा विमानात १८० आसनं आहेत. कंपनी सगळी आसनं एका भावाने विकत नाही. ती त्यांचे ढीग करते, जशी आपण बाजारात भाजीची वाटणी करतो तसे. पहिली ३० आसनं साडेतीन हजाराला. नंतरची ५० पाच हजाराला. त्यानंतरची ५० सात हजाराला. मग ३० साडेनऊ हजाराला. आणि शेवटची २० बारा हजाराला. हे आकडे मी समजवण्यापुरते घेतलेत, प्रत्येक कंपनीचे आपले असतात. पहिला ढीग संपला की दुसरा उघडतो. मोबाइलवर दिसतो तो त्या क्षणी उघडा असलेला ढीग.

साध्या मंगळवारी, प्रवासाच्या आठवडाभर आधी, समजा सत्तर आसनं गेलेली असतील. म्हणून दुसरा ढीग उघडा, भाव पाच हजार. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी त्याच वेळी १६५ आसनं गेलेली असतात. चार ढीग संपले, शेवटचा उघडा, भाव बारा हजार. कंपनीने दर बदलला नाही, ढिगांची यादी तीच आहे. गिऱ्हाईक लवकर आलं आणि खालचे ढीग संपले.

याच्या वर कंपनी आणखी एक गोष्ट करते. कुठल्या तारखांना गर्दी होणार हे तिला मागच्या वर्षांच्या विक्रीवरून कळतं. दिवाळी, नाताळ, मे महिन्यातली सुट्टी, लग्नसराई, लागून आलेल्या सुट्ट्या. त्या तारखांना ती स्वस्त ढीग आधीच लहान करते. पहिल्या ढिगात तीसऐवजी पाचच आसनं ठेवते, शेवटच्यात वीसऐवजी ऐंशी. म्हणून तीन महिने आधी बघितलं तरी दिवाळीच्या आदल्या दिवसाचं तिकीट महागच दिसतं.

आता सरकारी रेघ बारा हजारांची असेल तर ती या सगळ्याला कुठे थांबवते? फक्त बाराच्या वर. पंधरा, वीस, तीस हजारांचे ढीग करता येत नाहीत. पण पाच हजारांवरून बारा हजारांवर जायला काही आडकाठी नाही. दूध तापत असताना वर झाकण ठेवलं तर ते सांडायचं थांबेल, पण झाकणापर्यंत येणारच. गर्दीच्या दिवशी तिकीट रेघेला जाऊन चिकटतं ते असं. साडेसात हजार बघितलेली ताई अकरा हजारांना पोचली ती पूर्ण नियमात राहून.

हे झालं पहिलं कारण. दुसरं कारण तिकिटाच्या कागदावर आहे. सरकारी रेघ तिकिटाच्या एकूण रकमेवर नसते, मूळ भाड्यावर असते. डिसेंबरच्या आदेशात विमानतळाचं शुल्क, सुरक्षेचं शुल्क आणि कर रेघेच्या बाहेर ठेवले होते. हिशोब मांडून बघू. मूळ भाडं नेमकं बारा हजार. साध्या वर्गाच्या तिकिटावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे ६०० रुपये. विमानतळ वापरण्याचं शुल्क वेगळं. ते ठरवायला केंद्राचं वेगळं प्राधिकरण आहे. आपल्या नवी मुंबई विमानतळासाठी त्याने सुरुवातीला देशातल्या प्रवासाला निघणाऱ्या माणसामागे ६२० रुपये आणि इथे उतरणाऱ्यामागे २७० रुपये ठरवले, त्यावर कर निराळा. सुरक्षेचे करासह सव्वादोनशेच्या थोडे पुढे. सगळं मिळून साडेतेरा हजारांच्या आसपास जातं. त्यात वेबसाइट 'सुविधा शुल्क' म्हणून काही शे रुपये लावते. खिडकीची जागा निवडली, सामान जास्त झालं, की त्याचे आणखी. म्हणजे रेघ बाराची आणि खिशातून गेले चौदा हजारांच्या जवळ, तरी भाड्याचा नियम मोडलेला नाही.

यातून एक कामाची गोष्ट घ्या. तिकीट काढण्याआधी पडद्यावर रकमेची फोड दाखवणारं बटण असतं. ते दाबून मूळ भाडं वेगळं आणि शुल्क-कर वेगळे बघा. रेघ लागू असेल त्या दिवसांत मूळ भाडं रेघेच्या वर दिसलं, तरच ती तक्रार आहे. एकूण रक्कम वर दिसली म्हणून तक्रार केली तर ती टिकणार नाही.

तिसरं कारण असं की रेघ सगळ्यांवर नसते. डिसेंबरच्या आदेशात बिझनेस क्लास, म्हणजे पुढची महागडी आसनं, वगळली होती. 'उडान' योजनेतली विमानंही वगळली होती, कारण त्यांना त्यांची स्वतःची निराळी मर्यादा असते. त्या मर्यादेची गोष्ट आपल्या कोकणातली आहे, म्हणून थोडं थांबून सांगते.

सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. मुंबईहून तिथे 'उडान' योजनेत अलायन्स एअरचं लहान विमान जायचं, साधारण सत्तर आसनांचं. या योजनेचा नियम असा की विमानातली साधारण निम्मी आसनं ठरलेल्या भाड्याने विकायची. मुंबई-चिपीला ते अडीच हजारांच्या आसपास होतं. त्या आसनांवर कंपनीचा जो तोटा होईल तो सरकार तीन वर्षांपर्यंत भरून देतं. उरलेल्या निम्म्या आसनांना मात्र मर्यादा नाही.

म्हणजे सत्तरातली पस्तीस आसनं रेघेखाली आणि पस्तीस मोकळी. साध्या दिवसात कुणाला फरक पडत नाही, स्वस्तातलं मिळून जातं. पण गणपतीच्या आधीच्या आठवड्यात गावी जायला चाकरमान्यांची झुंबड. स्वस्तातली पस्तीस आसनं ज्याने आधी मोबाइल उघडला त्याची झाली. नंतर येणाऱ्याला दिसतात त्या मोकळ्या पस्तीस, आणि त्यांचा भाव ढिगाढिगाने चढतो. योजना जाहीर करताना सांगतात 'अडीच हजारात विमान', आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी निघणाऱ्याला तो आकडा कधी दिसतच नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. तीन वर्षं झाली, सरकारी मदतीची मुदत संपली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ती मुंबई-चिपी सेवा थांबली. कमी भाडं ठेवायचं तर फरक कुणीतरी भरावा लागतो. भरणारा थांबला की विमान थांबतं.

कोरोनातल्या रेघेलाही अशीच एक फट होती. तेव्हा खालची आणि वरची अशा दोन्ही रेघा होत्या. दिल्ली-मुंबईला कमीत कमी ३,५०० आणि जास्तीत जास्त १०,०००, आणि शेकडा चाळीस आसनं मधल्या आकड्याच्या खाली, म्हणजे साधारण ६,७०० च्या आत विकायची. नियम चांगला होता. पण सप्टेंबर २०२१ पासून तो फक्त पुढच्या पंधरा दिवसांतल्या प्रवासाला लागू ठेवला. म्हणजे आज तिकीट काढलं आणि प्रवास दहा दिवसांनी असेल तर रेघ लागू. प्रवास महिन्याने असेल तर लागू नाही. दिवाळीचं तिकीट महिनाभर आधी काढणाऱ्या माणसाला रेघेचा उपयोग शून्य. म्हणून बातमीत 'मर्यादा' ऐकलं की तीन गोष्टी विचारायच्या. कुठल्या आसनांना? कुठल्या तारखांना? आणि कुठल्या रकमेवर?

आणखी एक जागा आहे जिथे घरातले फसतात. थेट विमान भरलेलं असलं की मोबाइल दुसऱ्या गावावरून फिरून जायचा रस्ता दाखवतो. नागपूरहून थेट आपल्याकडे जागा नाही, तर आधी दिल्ली आणि तिथून मुंबई. घाईत दोन वेगळी तिकिटं काढली, तर डिसेंबरच्या आदेशाप्रमाणे दोन वेगळ्या रेघा लागायच्या. नागपूर-दिल्ली हजारच्या आत म्हणून बारा हजारांची. दिल्ली-मुंबई हजारच्या पुढे म्हणून पंधरा हजारांची. म्हणजे दोन्ही मिळून सत्तावीस हजारांपर्यंत नियमात जाता येत होतं, शुल्क-कर वेगळे. वर पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर तिकिटं वेगवेगळी असल्यामुळे दुसऱ्या कंपनीवर तुमची जबाबदारी राहत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग सरकार रेघ खाली का आणत नाही? बाराऐवजी सहा हजार करा, म्हणजे सगळ्यांना परवडेल. हा विचार मनात येणारच. पण त्याने काय होतं हे आपल्याला कोकण रेल्वेने दाखवून दिलंय. रेल्वेच्या साध्या डब्याचं भाडं गणपतीला वाढत नाही. पण आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि काही मिनिटांत गाडी भरते. पुढे येणाऱ्याला वेटिंग मिळतं. तिथे भाडं थांबलं आणि रांग वाढली. विमानात रांग दिसत नाही, कारण भाडंच रांगेचं काम करतं. जास्त देणारा आत, कमी देणारा बाहेर. आसनं १८० आणि जाणारी माणसं तीनशे असली तर १२० जण मागे राहणारच. भाडं कमी ठेवा नाहीतर जास्त, रेघेने एकसुद्धा आसन वाढत नाही. फरक पडतो तो कोण मागे राहणार यात. ठरलेल्या भाड्यात उशिरा कळलेला मागे राहतो, चढत्या भाड्यात गरीब मागे राहतो. आपल्या ताया बहुतेक वेळा दोन्हीत बसतात, म्हणून हा प्रश्न आपला आहे.

रेघ फार खाली आणली तर आणखी एक होतं. गर्दीच्या दिवशीच्या कमाईवर कंपनी रिकाम्या मंगळवारचा तोटा भरते. ती कमाई गेली तर ती मंगळवारचं विमान कमी करते. चिपीला बघितलंच आपण. म्हणून रेघ मारणाऱ्याला तारेवरची कसरत करावी लागते, आणि म्हणूनच ती सहसा उंचावर मारतात. लूट थांबेल इतकी खाली, पण साध्या गर्दीचं भाडं अडणार नाही इतकी वर.

मग उपाय काय? भाडं खऱ्या अर्थाने उतरतं ते आसनं वाढल्यावर. २०२५ च्या जानेवारीत प्रयागराजच्या महाकुंभाला जायला तिकिटं भयंकर चढली तेव्हा डीजीसीएने त्या महिन्यात ८१ जादा उड्डाणांना परवानगी दिली आणि कंपन्यांना भाडी वाजवी ठेवायला सांगितलं. एसटीसुद्धा गणपतीला जादा गाड्या सोडते, तेव्हाच ट्रॅव्हल्सवाला जरा नरमतो. म्हणून तुमच्या ग्रामसभेत किंवा आमदार-खासदारांसमोर मागणी करायची वेळ आली, तर 'भाडं कमी करा' एवढंच म्हणू नका. गर्दीच्या तारखा सांगून 'जादा गाड्या, जादा विमानं' मागा. ती मागणी मोजता येते, आणि झाली की नाही हे दिसतं.

आता गटाच्या कामाचं बोलू. पहिलं म्हणजे प्रवासासाठी कर्जाचा अर्ज आला तर त्या दिवशी दिसलेल्या आकड्यावर रक्कम ठरवू नका. ढीग पुढे सरकतो. प्रवास गर्दीच्या तारखेचा असेल तर बैठकीची वाट न बघता अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांनी मंजुरी देऊन नंतर बैठकीत नोंद करायची, असा ठराव आधीच करून ठेवता येतो. आपल्या उदाहरणातल्या ताईचे चार दिवस वाचले असते तर साडेतीन-चार हजार वाचण्याची शक्यता होती. शेकडा दोन रुपये महिना व्याजाने त्या चार हजारांवर महिन्याला ऐंशी रुपये तिला उगाच भरावे लागतात.

दुसरं, तारीख हलवता येते का ते बघा. गर्दी दिवसाची असते. दिवाळीच्या आदल्या दिवशी बाहेर जाणारं विमान भरलेलं असतं आणि त्याच दिवशी परत येणारं बरंच रिकामं. बाळंतपणासारख्या कामाला दोन दिवस आधी निघालं तर चालतं, आणि सणाच्या दिवशी दुपारी विमानात बसलं तर तिकीट पुष्कळदा खालच्या ढिगातलं मिळतं. दोन-तीन तारखा बघितल्याशिवाय पैसे भरू नका. मुंबईचा जुना विमानतळ आणि आपला नवा, दोन्ही तपासा. पण मुंबईला जायचा टॅक्सीचा खर्च त्यात धरा, नाहीतर वाचलेले पैसे रस्त्यात जातील.

तिसरं, रेघ लागू असताना कुणी जास्त घेतलं असं वाटलं, तर मोबाइलच्या पडद्याचा फोटो घ्या. त्यात तारीख, वेळ, मार्ग आणि मूळ भाड्याची फोड दिसली पाहिजे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि तिथे दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या 'एअरसेवा' या ॲपवर. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथेही सांगता येतं. ट्रॅव्हल्सच्या गाडीचं असेल तर तिकीट, गाडीचा नंबर आणि त्या दिवशीचं एसटीचं भाडं घेऊन पनवेलच्या आरटीओकडे जायचं. एसटीचं भाडं सोबत नसेल तर दीडपट झालं की तिप्पट, हे सिद्ध करता येत नाही. तिकीटच देत नसेल तर तेही तक्रारीत लिहा. भरलेले पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याची नोंद पुरावा म्हणून चालते.

शेवटी, ज्या ताईंना मोबाइलवर हे बघता येत नाही त्यांचं तिकीट बहुतेक वेळा कुठला तरी दुकानदार काढून देतो आणि हातात फक्त एकूण आकडा सांगतो. त्याच्याकडून छापील तिकीट मागून घ्या. त्यावर मूळ भाडं, शुल्क, कर अशा ओळी असतात. त्याने स्वतःचे किती लावले ते त्या ओळींची बेरीज केली की कळतं. या महिन्याच्या बैठकीत एक जुनं तिकीट आणा, विमानाचं नसेल तर ट्रॅव्हल्सचं चालेल, आणि सगळ्यांनी मिळून त्याची बेरीज करून बघा. कुणाला काही अडलं तर ते पत्रात लिहून पाठवा, त्यावर पुढच्या वेळी बोलू.